दिसत होते साहेब, पण होते आजोबा

प्रश्न: डॉक्टर, परवा पहाटे एक स्वप्न पडलं. दहावीचा गणिताचा पेपर चालू आहे, पण वर्ग म्हणजे माझ्या आजोळची पडवी. सुपरवायझर म्हणून आमच्या ऑफिसचे साहेब उभे आहेत, पण ते माझे आजोबा आहेत हे मला पक्कं माहीत. आजोबांना जाऊन बारा वर्षं झाली. प्रश्न वाचायला जावं तर अक्षरं बदलत होती. उठून पळायला गेलो तर पाय उचलेनात. शेवटी आगगाडीची शिट्टी ऐकू आली आणि जाग आली, तर स्वयंपाकघरात कुकर वाजत होता. झोपेत यातलं काहीच मला विचित्र वाटलं नाही. मेंदू हे तयार कसं करतो, आणि ते इतकं अतार्किक का असतं?

उत्तर: स्वप्न विचित्र का असतं आणि ते आपल्याला विचित्र का वाटत नाही, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बहुतेक लोक ते एकत्र करतात आणि मग उत्तर सापडत नाही. साहेबांच्या चेहऱ्याचे आजोबा उभे राहणं हे मेंदूच्या एका भागाचं काम. "अहो, पण आजोबा तर गेले ना?" असं कोणीच न विचारणं हे दुसऱ्याच भागाचं गैरहजर राहणं. तुमचं स्वप्न या दोन्हींचा इतका चांगला नमुना आहे की ते तुकड्या-तुकड्यानं सोडवत गेलो तर बरंचसं उत्तर त्यातच मिळेल.

आधी वेळ बघू. पहाट. आपण रात्रभर एकसारखे झोपत नाही. साधारण दीड-दीड तासाची आवर्तनं चालतात आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी आरईएम झोप येते, म्हणजे जिच्यात मिटल्या पापण्यांआड डोळे भराभर हलतात ती. रात्रीच्या पहिल्या आवर्तनात ती जेमतेम पाच-दहा मिनिटांची असते, पहाटेकडे वाढत जाऊन अर्ध्या तासाच्या पुढेही जाते. म्हणून लांबलचक, गोष्टीसारखी स्वप्नं पहाटेची. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आपल्याकडे म्हणतात. ते खरं होतं की नाही हे मी सांगू शकत नाही, पण लोक पहाटेचीच स्वप्नं जास्त सांगतात यात नवल काही नाही.

स्लीप स्टडीला आलेल्या माणसाच्या डोक्याला, डोळ्यांच्या कडांना आणि हनुवटीला आम्ही इलेक्ट्रोड चिकटवतो. पडद्यावर तीस-तीस सेकंदांची पानं सरकत राहतात. गाढ झोपेत मेंदूच्या लहरी मोठ्या आणि संथ असतात. आरईएम सुरू झाली की त्या एकदम बारीक आणि वेगवान होतात, जवळजवळ जाग्या माणसासारख्या. डोळ्यांच्या रेषा उड्या मारू लागतात. आणि हनुवटीच्या स्नायूची रेषा, जी एरवी थोडीफार थरथरत असते, ती सपाट होते. नवीन टेक्निशियनला मी हीच तिसरी रेषा आधी बघायला शिकवतो, कारण फक्त मेंदूच्या लहरी बघितल्या तर माणूस जागा झाला असं वाटून फसायला होतं. जागा मेंदू आणि लुळं शरीर हा विरोधाभास बघूनच फ्रान्समधल्या लिऑनच्या मिशेल जुवे यांनी १९५९ च्या सुमारास हिला 'विरोधाभासी झोप' म्हटलं. त्याआधी १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी ही झोप पहिल्यांदा नीट नोंदवली होती. पुढे १९५७ मध्ये क्लाइटमन आणि विल्यम डिमेंट यांनी लोकांना मुद्दाम उठवून विचारलं. आरईएममधून उठवलेल्या १९१ वेळांपैकी १५२ वेळा स्वप्न सांगितलं गेलं, इतर झोपेतून उठवल्यावर १६० पैकी फक्त ११ वेळा. हे दुसरं आकडेवारीचं टोक पुढे बरंच बदललं, त्याकडे शेवटी येतो.

आता ही झोप चालू कोण करतं? मानेच्या वर, मेंदूच्या बुंध्यात, पॉन्स नावाचा भाग आहे. आरईएमचं मुख्य बटण तिथे आहे. ते दाबलं गेलं की मेंदूतलं रासायनिक हवामानच पालटतं. अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन भरपूर सुटतं आणि त्याच्या जोरावर मेंदूचा वरचा थर चेतवला जातो. पण जागेपणी त्याच्या जोडीला असणारी दोन रसायनं, नॉरअ‍ॅड्रिनलीन आणि सेरोटोनिन, जवळजवळ बंद होतात. नॉरअ‍ॅड्रिनलीन पुरवणारा पेशींचा ठिपका, लोकस सेरुलियस, एवढासा आहे पण त्याचे धागे सगळ्या मेंदूभर पसरलेले आहेत. दिवसभरात तो पूर्ण गप्प असा कधी होत नाही. आरईएममध्ये मात्र तो गप्प होतो. तेव्हा आरईएममधला मेंदू जागाच आहे असं म्हणणं अर्धवट ठरेल. तो तितकाच कामात आहे, पण दुसऱ्याच रसायनांवर चालतो आहे आणि बाहेरून त्याला फारसं काही पोचत नाही.

आणि तो सगळा सारखाही चालत नाही. १९९६-९७ मध्ये बेल्जियममध्ये पिएर माके यांच्या गटानं आणि अमेरिकेत अ‍ॅलन ब्राउन यांच्या गटानं आरईएम झोपेत असलेल्या लोकांचे पीईटी स्कॅन काढले. भीती-काळजी हाताळणारा अमिग्डाला आणि त्याच्या भोवतीचा भावनांचा पट्टा चेतलेला. डोळ्यांनी पाहिलेल्याचा अर्थ लावणारे मागचे भाग चेतलेले. पण कपाळामागचा, बाहेरच्या अंगाचा जो भाग आपण हिशेब, नियोजन, तपासणी यासाठी वापरतो, तो थंड. हे चित्र पुढच्या सगळ्या उत्तराचा पाया आहे म्हणून ते लक्षात ठेवा. चित्रं काढणारे कामावर आहेत, घाबरणारे कामावर आहेत, तपासनीस रजेवर आहे.

आता तुमचे आजोबा.

जागेपणी आपल्याला वाटतं की चेहरा बघितला म्हणजे माणूस ओळखला. मेंदूत मात्र ही दोन कामं आहेत. चेहऱ्याचा आकार हाताळणारा एक पट्टा कानामागे, खालच्या बाजूला आहे. तो माणूस माझा कोण, त्याच्याबद्दल मला काय वाटतं, हे ज्ञान दुसरीकडे साठलेलं आहे. जागेपणी ही दोन्ही उत्तरं इतक्या बेमालूम जुळतात की त्यातला सांधा कळत नाही. सांधा कळतो तो आजारात. फ्रेगोली नावाच्या एका दुर्मिळ भ्रमात रुग्णाला अनोळखी माणसं भेटतात आणि तो ठामपणे सांगतो की हा माझा अमुक नातेवाईक आहे, वेष बदलून आलाय. चेहरा वेगळा दिसतो हे त्याला मान्य असतं, तरी ओळख पक्की असते. तुमचं वाक्य परत वाचून बघा: साहेब उभे होते, पण ते आजोबा आहेत हे पक्कं माहीत होतं. हीच रचना. आरईएममध्ये समोर खरा चेहरा नसतो. चेहऱ्याचा पट्टा आतूनच एखादी आकृती उभी करतो आणि ओळखीचा विभाग आपल्या बाजूनं एक नाव चिकटवतो. दोघांना एकमेकांशी पडताळून पाहायला लावणारं बाहेर कोणीच नाही.

हे निव्वळ अंदाजाचं बोलणं नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रान्चेस्का सिक्लारी, जूलिओ टोनोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर २५६ इलेक्ट्रोड लावून लोकांना झोपवलं आणि रात्रीतून अनेकदा उठवून आत्ता काय चाललं होतं ते विचारलं. ज्यांनी स्वप्नात चेहरा पाहिल्याचं सांगितलं, त्यांच्या मेंदूत उठवण्याच्या आधीचे काही सेकंद तो चेहऱ्याचाच पट्टा जास्त चेतलेला होता. स्वप्नात कोणी बोलत असेल तर बोलणं समजण्याचा भाग. स्वप्नातला चेहरा बघायला मेंदू जागेपणीचंच यंत्र वापरतो, हे त्यातून बऱ्यापैकी स्पष्ट झालं. यंत्र तेच, फक्त डोळ्यांकडून येणारा माल बंद.

मग साहेब आणि आजोबाच का, साहेब आणि दूधवाला का नाही? इथे माझं मत सांगतो, सिद्ध झालेलं नाही. परीक्षेच्या स्वप्नात भावना आधी पेटलेली असते: कोणीतरी आपल्याला तपासतंय. तुमच्या आयुष्यात ज्या माणसांपुढे तुम्ही असे उभे राहिलात, ती सगळी त्या भावनेच्या दोरीला बांधलेली आहेत. दोरी ओढली की दोघं एकदम आले. स्वप्नातल्या जोडण्या तर्काला सोडून असतात, पण भावनेला सोडून क्वचितच असतात. साहेबांशी सध्या काही अप्रेझल वगैरे चालू आहे का, असं मी तुम्हाला समोर विचारलं असतं.

पडवीचंही बरंचसं असंच. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' ही म्हण निम्मी बरोबर आहे. रॉबर्ट स्टिकगोल्ड यांच्या गटानं २००३ मध्ये एक काम केलं, ज्याचा मी रुग्णांना नेहमी दाखला देतो. लोकांनी आपली स्वप्नं लिहून काढली आणि त्यातलं काय कुठल्या खऱ्या अनुभवातून आलं ते स्वतःच शोधलं. निम्म्याहून जास्त स्वप्नांत दिवसभरातल्या आयुष्याचे तुकडे होते. पण एखादा प्रसंग जसाच्या तसा, तीच जागा, तीच माणसं, तोच क्रम, असा पुन्हा दिसलेला? शंभरात एक किंवा दोन. म्हणजे मनातलं स्वप्नात येतं, पण घडलेलं येत नाही, घडल्याचे सुटे भाग येतात.

याचं कारण आठवण साठवण्याच्या पद्धतीत आहे. एखादा प्रसंग अख्खा आठवायचा तर हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लागतो. पडवीची चौकट, गणिताची धडधड, आजोबांचा आवाज हे माल वेगवेगळ्या कपाटांत असतात आणि कुठला माल कोणाबरोबर कुठल्या दिवशी आला याची चोपडी हिप्पोकॅम्पसकडे असते. आरईएमच्या रासायनिक हवामानात या चोपडीतली माहिती वरच्या थराकडे नीट पोचत नाही असं दिसतं. कपाटं उघडी आहेत, चोपडी मिटलेली आहे. मग मेंदू काय करणार? हाताला येईल ते बसवतो. जागा हवी, तर लहानपणापासून सर्वांत घट्ट बसलेली एक जागा आली. परीक्षेचा वर्ग कसा होता ते तुम्हाला कदाचित जागेपणीही आठवणार नाही. आजोळची पडवी मात्र अंधारातही आठवते.

अक्षरांचं कोडं त्यामानानं सोपं. आत्ता हे वाचताना तुम्ही नजर हटवून परत आणलीत तरी शब्द तोच राहतो, कारण शब्द तुमच्या डोक्यात नाही, पडद्यावर आहे. मेंदूला तो सांभाळावा लागत नाही. स्वप्नात कागदच नसतो. प्रत्येक नजरेला मेंदूला ते पान नव्यानं घडवावं लागतं, आणि दहा अक्षरांची ओळ दोनदा तंतोतंत घडवणं त्याला जमत नाही. घर, झाड, माणूस बदलला तरी 'घर' राहतं. 'क'चा 'फ' झाला की अर्थच गेला. आपण स्वप्नात आहोत का हे ओळखायला शिकणारी मंडळी हीच खूण वापरतात: मजकूर किंवा घड्याळ एकदा वाचायचं, मान फिरवायची, परत वाचायचं.

पाय न उचलण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण माझ्याकडे येणारे सर्वांत गंभीर रुग्ण इथलेच आहेत. आरईएममध्ये पॉन्समधून एक निरोप खाली जातो आणि मणक्यातल्या, स्नायूंना हलवणाऱ्या पेशी दाबून ठेवल्या जातात. डोळे आणि श्वासाचा पडदा सोडला तर बाकी शरीर जवळजवळ लुळं. म्हणून हनुवटीची ती सपाट रेषा. पळण्याचा हुकूम वर सुटतो, खाली पोचत नाही, आणि पाय हलल्याची खबर परत येत नाही. त्यातून तुम्हाला आलं तसं जडपण येतं, असं बरेच जण सांगतात. मला हे स्पष्टीकरण पुरेसं वाटत नाही. तसंच असतं तर प्रत्येक स्वप्नात पाय जड व्हायला हवेत, पण त्याच लुळ्या शरीरात लोक सुसाट धावतात आणि उडतातही. मेंदू हालचालीची खबर स्वतः रचूही शकतो. तुमच्या स्वप्नात भीती आणि अडकलेपण आधीच होतं, तेव्हा पाय अडकणं त्या भावनेचंच चित्र असेल, हे मला जास्त पटतं.

पण तो हुकूम खरोखर सुटतो, याचा पुरावा भक्कम आहे. जुवे यांनी मांजरांच्या पॉन्समधला, शरीर लुळं करणारा छोटासा भाग निकामी केला. ती मांजरं आरईएम झोप लागली की उठून दबा धरायची, झडप घालायची, आणि समोर खरं काय आहे याकडे त्यांचं लक्षच नसायचं. माणसातला असा आजार १९८६ मध्ये कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी वर्णन केला. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी साठीचे एक शेतकरी गृहस्थ आले होते, खरं तर त्यांच्या पत्नीनं आणलं होतं. तिच्या दंडावर काळंनिळं झालेलं. पहाटे हे झोपेत ओरडतात, लाथा झाडतात, एकदा कॉटवरून खाली पडले. त्या रात्री लॅबमध्ये आरईएम सुरू झाली आणि हनुवटीची रेषा सपाट व्हायच्या ऐवजी खडबडीत राहिली. सव्वाचारच्या सुमारास त्यांनी दोन्ही हातांनी काहीतरी घट्ट धरून ओढायला सुरुवात केली. उठवून विचारलं तर म्हणाले, "खोंड सुटला होता, दावं धरत होतो." हातांची पकड दाव्याचीच होती. बाहेरून वेड्यासारखी दिसणारी हालचाल आतल्या गोष्टीशी अगदी जुळत होती.

हे वाचणाऱ्या कोणाच्या घरी पन्नाशीच्या पुढचा माणूस असं करत असेल तर हसण्यावारी नेऊ नका. या आजारातल्या अनेकांना पुढे पार्किन्सन किंवा त्याच्या कुळातला आजार होतो. एका मोठ्या पाहणीत बारा वर्षांत जवळपास तीन चतुर्थांश रुग्णांना झाला. नैराश्याची काही औषधंही असाच प्रकार घडवू शकतात, आणि झोपेत श्वास अडकणाऱ्यांचं दचकून हातपाय झाडणं वरवर तसंच दिसतं. म्हणून घरच्या व्हिडिओवर निदान करत नाही, स्लीप स्टडी करूनच ठरवतो. तोवर पलंगाजवळचं काचेचं आणि टोकदार सामान हलवा आणि जोडीदारानं वेगळ्या पलंगावर झोपावं.

परत तुमच्या स्वप्नाकडे. कुकर. बाहेरचं दार बंद असतं म्हटलं तरी फटी असतात. डिमेंट आणि एडवर्ड वोल्पर्ट यांनी १९५८ मध्ये आरईएममध्ये झोपलेल्या लोकांवर थंड पाण्याचा बारीक फवारा मारून पाहिला. जे जागे झाले नाहीत त्यांना थोड्या वेळानं उठवलं, तर दहातल्या चारांच्या स्वप्नात पाणी शिरलेलं होतं: कुठे छप्पर गळत होतं, कुठे अंगावर पाणी उडालं होतं. पण फवारा मारला म्हणून कोणी अंघोळीचं नवीन स्वप्न सुरू केलं नाही. चालू गोष्टीत पाण्याला जागा करून दिली. तुमच्या कुकरलाही तशीच जागा मिळाली. पेपर सुटायची घंटा न होता ती आगगाडीची शिट्टी का झाली, ते तुमच्या आजोळजवळून रूळ जातात का यावर असेल. यातून आणखी एक समज मोडतो, की लांब स्वप्न क्षणात पडतं. डिमेंट आणि क्लाइटमन यांनी आरईएम सुरू होऊन पाच मिनिटं झाल्यावर किंवा पंधरा मिनिटांनी लोकांना उठवून किती वेळ स्वप्न चालू होतं ते विचारलं, आणि बहुतेकांनी बरोबर सांगितलं. स्वप्नातला वेळ साधारण खऱ्या वेळाच्याच चालीनं चालतो. सिनेमासारखा मधला भाग गाळला जातो, इतकंच.

आता दुसरा प्रश्न, जो मला जास्त रंजक वाटतो. खटकलं का नाही?

खटकायला तीन गोष्टी लागतात. समोरचं धरून ठेवायचं, माहीत असलेलं आठवायचं, आणि दोन्ही शेजारी ठेवून म्हणायचं की हे जुळत नाही. हे काम कपाळामागच्या त्या थंड भागाचं. शिवाय जागेपणी काही अनपेक्षित दिसलं की लोकस सेरुलियस नॉरअ‍ॅड्रिनलीनचा एक फटकारा मारतो आणि आपण "हे काय?" म्हणून थबकतो. आरईएममध्ये तो ठिपकाच गप्प. म्हणजे धक्का बसवणारी घंटा वाजत नाही आणि घंटा ऐकून तपासायला येणारा माणूसही नाही. आजोबा वारले ही माहिती तुमच्या डोक्यातून पुसली गेली नव्हती. ती कोणी मागवलीच नाही.

हे खरं आहे का, याची परीक्षा उलट बाजूनं घेता येते. काही लोकांना स्वप्न चालू असतानाच कळतं की हे स्वप्न आहे. तपासनीस मधेच रजेवरून परत येतो, असं म्हणा. ते खोटं बोलत नाहीत हे कसं कळणार? डोळे लुळे पडत नाहीत, याचा उपयोग १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये कीथ हर्न यांनी आणि थोड्याच वर्षांत अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे केला. आधीच ठरवायचं की स्वप्नात भान आलं की डोळे डावी-उजवी-डावी-उजवी असे फिरवायचे. पडद्यावर माणूस आरईएममध्ये, हनुवटी सपाट, आणि डोळ्यांच्या रेषेत ठरलेली ती खूण. २०२१ मध्ये तर अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या चार लॅबनी अशा झोपलेल्यांना सोपी गणितं घातली आणि काहींनी डोळ्यांच्या हालचाली मोजून बरोबर उत्तरं दिली. गंमत म्हणजे भान आलं तरी उडणारे हत्ती उडतच राहतात. विचित्रपणा जात नाही, फक्त कळतो. दोन प्रश्न वेगळे आहेत असं मी सुरुवातीला म्हटलं ते याचमुळे.

एक मोठा वाद मात्र लपवत नाही. १९७७ मध्ये हार्वर्डच्या अ‍ॅलन हॉब्सन आणि रॉबर्ट मॅकार्ली यांनी मांडलं की पॉन्समधून अर्थहीन विजेचे झटके वर जातात आणि वरचा मेंदू बिचारा त्यातून कशीबशी गोष्ट जुळवतो. माझी पिढी हेच शिकली. पण मार्क सोल्म्स यांनी मेंदूला इजा झालेल्या शेकडो रुग्णांना त्यांच्या स्वप्नांबद्दल विचारलं, तेव्हा काही रुग्णांची आरईएम झोप शाबूत असून स्वप्नं गेलेली निघाली. त्यांची इजा पॉन्समध्ये नव्हती, डोळ्यांच्या वरच्या, आतल्या अंगाच्या मज्जातंतूंच्या जुडग्यात किंवा मेंदूच्या मागच्या-बाजूच्या सांध्यात होती. शिवाय प्रश्न बदलून "स्वप्न पडलं का?" ऐवजी "मनात काय चाललं होतं?" असं विचारलं की आरईएमबाहेरूनही पुष्कळ वृत्तांत मिळू लागले. म्हणून आरईएम म्हणजेच स्वप्न हे समीकरण आज कोणी सरळ मांडत नाही. आरईएम स्वप्नाला वीज पुरवते, भावना आणि चित्रांचा रंग गडद करते. पण कथा वरचा मेंदूच रचतो आणि ती अगदीच यादृच्छिक नसते. तुमच्या स्वप्नातही परीक्षा ही एकच धार पहिल्यापासून शेवटपर्यंत होती, बदलत होता तो तिच्याभोवतीचा साज.

आणि स्वप्नं खरंच इतकी विचित्र असतात का? लॅबमध्ये रात्रीतून अनेकदा उठवून घेतलेली स्वप्नं वाचायला बसा, जांभया येतील. कोणी भाजी घेतंय, कोणी बसची वाट बघतंय, कोणी कोणाशी पैशांवरून बोलतंय. ती कोणी सांगत नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही नसतं, आणि सकाळपर्यंत ती राहतही नाहीत. चर्चेला येतात ती निवडून आलेली.

तुमचं स्वप्न तरी का राहिलं? आठवण पक्की व्हायलाही नॉरअ‍ॅड्रिनलीनची मदत लागते आणि आरईएममध्ये ते नसतं. आरईएममधून थेट जाग आली तर ते परत येतं आणि नुकतंच चाललेलं दृश्य जेमतेम पकडलं जातं. तेही तुम्ही लगेच मोबाइल हातात न घेता पडून राहिलात आणि ते एकदा मनात फिरवलंत तर. त्या दिवशी कुकर दहा मिनिटं उशिरा लागला असता, तुम्ही आरईएममधून हलक्या झोपेत उतरला असता आणि मग उठला असता, तर साहेब, आजोबा आणि गणिताचा पेपर यातलं काहीच तुम्हाला आठवलं नसतं.